सोयाबीनची पिशवी स्वस्त की बी स्वस्त?

मे महिन्याच्या अखेरीस कृषी सेवा केंद्रात सोयाबीनच्या दोन पिशव्या शेजारी-शेजारी उभ्या असतात. एकीचा भाव २,७०० रुपये, दुसरीचा २,७५०. पन्नास रुपयांचा तर फरक, म्हणून घेणारा हात कोणत्याही पिशवीवर पडतो. पण पहिली ३० किलोची आहे आणि दुसरी २५ किलोची. म्हणजे किलोला ९० आणि ११० रुपये. आणि गावातच कोणीतरी चाळून ठेवलेले घरचे बी ६० रुपये किलोने द्यायला तयार असतो. तिन्हींत स्वस्त कोणते, हे पिशवीच्या भावावरून कळत नाही आणि किलोच्या भावावरूनही कळत नाही. आपण किलो पेरत नाही, दाणे पेरतो. आणि त्या दाण्यांतले जेवढे उगवतील तेवढ्यांचेच पीक होते.

हेच तीन पर्याय आपण दोन एकरांसाठी शेवटपर्यंत मोजून पाहू. पहिल्याला क म्हणू : निळ्या टॅगचे प्रमाणित बी, ओळखीचा जुना वाण. ख म्हणजे कंपनीचे सत्यप्रत बी, हिरव्या टॅगचे, मोठ्या दाण्याचा नवा आणि थोडा उशिरा येणारा वाण. ग म्हणजे गावातले घरचे बी. वाण क चाच. भाव हिशेबापुरते धरलेले आहेत. तुमच्या दुकानातले भाव त्यांच्या जागी घाला, रीत तीच राहील.

टॅगवरचा ७० आकडा

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण आणि किमान ९८ टक्के शुद्धता लागते, ओलावा १२ टक्क्यांच्या वर चालत नाही. टॅगवर बहुतेक वेळा हेच किमान आकडे छापलेले दिसतात. त्यामुळे ७१ टक्के उगवणारा लॉट आणि ८८ टक्के उगवणारा लॉट दोन्हींच्या टॅगवर ‘७०’च असू शकते. टॅगवर टॅग ठेवून तुलना करायला गेलात तर सगळ्या पिशव्या सारख्याच निघतील.

टॅगवर खरे वाचायचे ते दुसरेच. चाचणीची तारीख पाहा, वैधता पाहा आणि लॉट नंबर लिहून घ्या. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीच्या तारखेपासून ९ महिने धरली जाते, पण सोयाबीन त्या मुदतीत जसेच्या तसे राहत नाही. त्याची साल पातळ, आतला कोंब सालीच्या अगदी लगत आणि दाण्यात तेल भरपूर. फेब्रुवारीत तपासलेला लॉट एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली तापला, पिशव्यांची थप्पी दहा-बारा थरांची लावली, टेम्पोतून उतरवताना पिशव्या आपटल्या, की उगवण घसरते. टॅगवरचा आकडा मात्र फेब्रुवारीचाच राहतो.

टॅगचा रंगही नीट समजून घ्यावा. निळा टॅग म्हणजे बीजोत्पादनाच्या शेतावर बीज प्रमाणीकरण यंत्रणेची माणसे जाऊन आली आहेत, भेसळीची झाडे उपटली की नाही ते पाहिले आहे. सत्यप्रत बियाण्याच्या हिरव्या टॅगवर कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर आकडे लिहिते. हिरवा टॅग म्हणून बी वाईट असे मुळीच नाही. अनेक हिरव्या लॉटची उगवण निळ्यापेक्षा चांगली निघते. मात्र वाणाच्या शुद्धतेसाठी तिसऱ्या कोणाची साक्ष तिथे नसते.

उगवण आपणच मोजायची

अडचण अशी की सीलबंद पिशवी उसवली की दुकानदार ती परत घेत नाही. त्यामुळे सगळ्या पिशव्या एकदम घेऊ नका. पेरणीच्या तीन आठवडे आधी एकच पिशवी पक्क्या पावतीवर घ्या, पावतीवर लॉट नंबर लिहून घ्या आणि तिची चाचणी करा. चांगली निघाली तर त्याच लॉटच्या बाकीच्या पिशव्या घ्या. लॉट बदलला की चाचणीही नव्याने करावी लागते, कंपनी तीच असली तरी. पिशवी उसवताना टॅगच्या विरुद्ध बाजूची शिवण उघडा, म्हणजे टॅग आणि सील शाबूत राहतात.

पिशवीच्या वरून मूठभर घेऊ नका. वरचे, मधले आणि तळातले बी हात खोल घालून काढा आणि एकत्र मिसळा. मग डोळे झाकून घेतल्यासारखे, न निवडता ४०० दाणे मोजा. चांगले-चांगले दाणे उचलायचा मोह इथेच होतो, आणि मग घरात ९० टक्के उगवण दाखवणारे बी शेतात ६५ टक्क्यांवर येते.

वर्तमानपत्राचे चार थर घ्या, पाण्यात बुडवून काढा आणि पिळा. हाताने दाबल्यावर थेंब गळता कामा नये. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत १०० दाणे मांडा, वरून ओला कागद टाका, खालची कड थोडी दुमडून सैल गुंडाळी करा. अशा चार गुंडाळ्या करून प्लॅस्टिकच्या पिशवीत उभ्या ठेवा. पिशवीचे तोंड गच्च बांधू नका, हवा लागते. घरात सावलीत ठेवा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा चुलीजवळ ठेवलेल्या गुंडाळ्यांतले बी उकडून निघते आणि दोष मात्र बियाण्यावर जातो. गोणपाटावरही ही चाचणी होते, फक्त गोणपाट धुतलेले हवे. खताचे किंवा मिठाचे पोते घेतले तर निकाल चुकीचाच येणार.

दाणे आधी पाण्यात भिजत घालू नका. हरभऱ्याला ती सवय चालून जाते, सोयाबीनला नाही. कोरडे सोयाबीन एकदम पाणी ओढते तेव्हा आतल्या पेशी फाटतात आणि चांगले बीही कुजते. कागद चिंब ठेवला तरी तेच होते. उगवण ४०-५० टक्के आली आणि कागद हाताला थबथबीत लागत असेल, तर बियाण्याला नावे ठेवण्याआधी चाचणी पुन्हा करा.

पाचव्या दिवशी एकदा आणि आठव्या दिवशी शेवटचे मोजा. कोंब दिसला म्हणजे उगवला, असे मोजायचे नाही. सरळ वाढलेले मुख्य मूळ, न चिरलेला देठ, निम्म्याहून जास्त शाबूत असलेल्या डाळिंब्या आणि त्यांच्यामधला कोवळा शेंडा हे सगळे असेल तरच ते रोप चांगले. मूळ आखूड होऊन बोथटले असेल, डाळिंबी तुटून पडली असेल, रोप पीळ घेऊन वळले असेल, तर ते उगवलेल्यांत धरू नका. मळणीचा मार बसलेल्या बियाण्यात असली रोपे खूप निघतात. मळणी यंत्राचे फेरे जास्त ठेवले की दाणा वरून छान दिसतो आणि आतला कोंब दुखावलेला असतो. कोंब मोजणाऱ्याला ते बी ८२ टक्के वाटते, रोप मोजणाऱ्याला ६४.

पाचव्या दिवसाची मोजणी वेगळी लिहून ठेवा. दोन लॉट आठव्या दिवशी ७८ टक्क्यांवर आले, पण पहिल्याची पाचव्या दिवशीच ७० रोपे झाली होती आणि दुसऱ्याची ४५, तर दुसऱ्यात जोम कमी आहे. कागदावर ते बरोबरी करेल, मातीचा पापुद्रा फोडून वर येताना मागे पडेल.

४०० दाणे कशासाठी, तर १०० दाण्यांच्या एका चाचणीत नुसत्या योगायोगाने आकडा आठ-नऊ टक्के वर-खाली होतो. ७२ आला म्हणून फेकले आणि ७८ आला म्हणून घेतले, यात काही अर्थ नसतो. दोन्ही लॉट सारखेच असू शकतात. ४०० दाण्यांत हा हेलकावा चार-साडेचार टक्क्यांवर येतो. चार गुंडाळ्यांपैकी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकड्यांत १५-१६ पेक्षा जास्त अंतर पडले, तर कुठल्या तरी गुंडाळीत पाणी किंवा उष्णता कमी-जास्त झाली आहे असे समजून चाचणी परत करा.

आपल्या तीन पर्यायांची उगवण समजा अशी आली : क ७८, ख ८६, ग ६४ टक्के.

शुद्धता म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी

पहिली तराजूवर मोजता येते. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर अर्धा किलो बी घ्या, पांढऱ्या कापडावर पसरा आणि वेगळे करा. काडी-कचरा, माती, खडे, फुटलेल्या डाळी, साल गेलेले दाणे, तूर-मुगासारख्या दुसऱ्या पिकाचे दाणे, तणाचे बी हे सगळे एका वाटीत. वाटीतले वजन २० ग्रॅम भरले, तर शुद्धता ९६ टक्के. प्रयोगशाळेत फुटलेल्या तुकड्यांबद्दल नियम थोडा सैल आहे, निम्म्याहून मोठा तुकडा शुद्ध बियात धरतात. घरच्या हिशेबात मात्र सगळे फुटके बाहेर काढलेले बरे. पण मग उगवण चाचणीचे दाणेही फुटके काढून उरलेल्या या बियांतूनच, न निवडता घ्यायचे. नाहीतर तोच फुटका दाणा एकदा शुद्धतेत आणि पुन्हा उगवणीत असा दोनदा वजा होतो.

क ची शुद्धता ९८, ख ची ९९ आणि ग ची ९४ टक्के धरू. ग मधल्या सहा टक्क्यांत नुसत्या फुटक्या डाळी असतील तर नुकसान वजनापुरतेच. केना किंवा दुसऱ्या तणाचे बी असेल तर गोष्ट वेगळी, कारण ते वजनात नगण्य आणि शेतात पुढची काही वर्षे त्रास देणारे. असे बी स्पायरलवर किंवा योग्य भोकांच्या चाळणीवर नीट निघत नसेल, तर स्वस्त असूनही घेऊ नये. हिशेबाच्या सूत्रात तणाला जागा नाही, म्हणून हे वेगळे सांगितले.

दुसरी शुद्धता वाणाची. ती तराजूवर कळत नाही, दाण्याकडे पाहूनही सहसा कळत नाही. फुलांचा रंग, खोडावरची लव, पिकण्याची तारीख यांतून ती शेतात उघडी पडते, तोवर पैसे गेलेले असतात. भेसळ असली की काही झाडे आठ-दहा दिवस आधी वाळतात. उरलेल्यांची वाट पाहायची तर आधीच्यांच्या शेंगा फुटतात. सोयाबीन स्वपरागीभवनाचे पीक असल्यामुळे घरचे बी दोन-तीन वर्षे चालते. बिघडते ते खळ्यावर, मळणी यंत्र न झाडता शेजाऱ्याच्या वाणानंतर आपला वाण घातल्यामुळे. ग विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न हाच : मूळ बी कोणत्या वर्षी, कोणत्या टॅगचे आणले, आणि मळणी कशी झाली?

जिवंत बियाचा भाव

आता दोन्ही आकडे एकत्र करायचे. किलोभर बियात शुद्ध आणि शिवाय उगवणारे असे किती, हे गुणाकाराने कळते.

```
जिवंत बी (टक्के) = शुद्धता × उगवण ÷ १००
जिवंत बियाचा किलोचा भाव = किलोचा भाव × १०० ÷ जिवंत बी
```

क चे जिवंत बी ९८ × ७८ ÷ १०० म्हणजे ७६.४ टक्के, आणि भाव ९० रुपयांचा ११८ रुपये होतो. ख चे ८५.१ टक्के, भाव ११० चा १२९. ग चे ६०.२ टक्के, भाव ६० चा जवळपास १००.

किलोच्या भावात ख हे ग पेक्षा ५० रुपयांनी महाग दिसत होते, ते अंतर २९ वर आले. क आणि ख मधले २० रुपयांचे अंतर ११ वर आले. घरचे बी अजूनही सर्वांत स्वस्त आहे, आणि हिशेब तसे सांगत असेल तर ते मान्य करावे. चांगले बी शेवटी नेहमी स्वस्तच पडते असे दाखवण्यासाठी आकडेमोड करायची नसते.

घरचे बी स्वतःच्याच कोठीतले असेल तर ते फुकट धरू नका. बाजारात ते ४५ रुपयांनी गेले असते. चाळणी-स्पायरलमध्ये दहा-पंधरा टक्के मातेरे निघते, ते कमी भावात जाते. वर पोती, मजुरी आणि सात-आठ महिने जागा. हे सगळे धरले की किलोला ५५ ते ६० रुपये सहज होतात.

एकराला किती, हे दाण्याच्या वजनावर

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. एकरी ३० किलो हा ठोकताळा मध्यम दाण्याचा, १०० दाणे १२ ग्रॅम भरणाऱ्या बियाण्याचा आहे. ३० किलोत असे अडीच लाख दाणे बसतात; ७० टक्के उगवण आणि ९८ टक्के शुद्धता धरली तर एकरी सुमारे १ लाख ७० हजार जिवंत दाणे होतात. हाच आपला मापदंड धरू. त्यांतले काही मातीत वाया जाऊन दीड लाखाच्या आसपास झाडे उभी राहतात. दोन ओळींत ४५ आणि दोन झाडांत ५ सेंटिमीटर अंतर धरून एकरात सुमारे १ लाख ८० हजार झाडांना जागा असते. सोयाबीन फांद्या करून थोडी मोकळी जागा भरून काढते, त्यामुळे दीड लाख चालतात.

प्रत्येक पिशवीतले न निवडता १०० दाणे तोला. एकाच तोलण्यावर भरवसा नको, तीनदा करून सरासरी घ्या. क आणि ग ११ ग्रॅम भरले, ख १४ ग्रॅम. म्हणजे ख च्या किलोत सुमारे ७,१०० दाणे आणि क च्या किलोत ९,१००. मोठ्या दाण्याचे बी किलोने विकत घेणे म्हणजे कमी दाणे विकत घेणे, हे पिशवीवर कुठेच लिहिलेले नसते.

एकरी १ लाख ७० हजार जिवंत दाण्यांना क आणि ग चे १८.७ किलो जिवंत बी लागते, ख चे २३.८ किलो. याला जिवंत टक्केवारीने भागले की पिशवीतून काढायचे बी मिळते. क चे साडेचोवीस किलो, किंमत २,२०० रुपयांच्या आसपास. ख चे २८ किलो, ३,०८० रुपये. ग चे ३१ किलो, १,८६५ रुपये. उगवण ७० च्या खाली गेली की प्रत्येक टक्क्यामागे एकरी अर्धा किलो बी वाढवा, असे कृषी विभाग सांगतो. त्या हिशेबाने ग ला ३३ किलो येतात. आपले ३१ आले, कारण दाणा बारीक आहे. ६० टक्क्यांच्या खाली मात्र बी वाढवून उपयोग नाही, ते बाजारात विकून टाकावे. इतके मेलेले दाणे मातीत कुजतात आणि उरलेल्यांतही जोम नसतो.

आता दोन एकर. पिशवी अर्धी मिळत नाही. क चे ४९ किलो हवे, ३०-३० किलोच्या दोन पिशव्या म्हणजे ५,४०० रुपये, आणि अकरा किलो हाताशी राहते. ते नांगे भरायला उपयोगी. ख चे ५६ किलो हवे. २५ किलोच्या तीन घेतल्या तर ८,२५० रुपये आणि १९ किलो उरते, जे पुढच्या वर्षीपर्यंत टिकेल याची खात्री नाही. दोनच घेतल्या तर ५,५०० रुपयांत ५० किलो, जिवंत दाणे एकरी दीड लाख, म्हणजे मापदंडापेक्षा अकरा टक्के कमी. जमीन भारी, वाण फांद्या करणारा आणि उगवण ८६ टक्के असेल तर दोन पिशव्यांवर भागवता येते. हलक्या जमिनीत झाड फारसे पसरत नाही, तिथे हे करू नये. शेजाऱ्याबरोबर मिळून पिशव्या घेतल्या, तर हा प्रश्नच येत नाही.

स्वस्त बियाण्यामागची जोखीम

क आणि ग एकाच वाणाचे. दोन्ही नीट उगवले तर उत्पादन सारखेच येईल. म्हणून त्यांच्यात प्रश्न एकच, ग न उगवण्याची शक्यता किती जास्त? पूर्ण पिशव्या धरून क एकरी २,७०० ला पडले, ग १,८६५ ला. वाचतात ८३५ रुपये. दुबार पेरणी करावी लागली तर नवे बी, ट्रॅक्टरची पेरणी, बीजप्रक्रियेची औषधे मिळून एकरी समजा ४,००० जातात, आणि वर दहा-बारा दिवस. ८३५ भागिले ४,००० म्हणजे साधारण पाचात एक. ग मुळे दुबार पेरणीची शक्यता क पेक्षा पाच वर्षांत एका वेळेहून जास्त वाढते असे वाटत असेल, तर ग चे पैसे वाचत नाहीत.

पाचव्या दिवसाची मोजणी इथे कामाला येते. ६४ टक्के उगवणीच्या बियाण्यात पाचव्या दिवशीच ५५-५८ रोपे सरळ उभी असतील, जमीन निचऱ्याची असेल आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर वापशावर तीन-चार सेंटिमीटर खोल पेरणार असाल, तर ग घ्यायला हरकत नाही. चिबडणाऱ्या, पापुद्रा धरणाऱ्या जमिनीत किंवा पहिल्या पावसावर घाईने पेरणार असाल, तर ते ८३५ रुपये वाचवू नका.

जास्त उत्पादनाचा दावा पैशांत

ख चा वाण वेगळा आहे, त्यामुळे इथे प्रश्न उत्पादनाचा. तीन पिशव्या धरल्या तर ख एकरी ४,१२५ ला पडले, म्हणजे क पेक्षा १,४२५ रुपये जास्त. सोयाबीन ४५ रुपये किलोने जाईल असे धरले, तर १,४२५ भागिले ४५ म्हणजे ३२ किलो. एकरी ३२ किलो जास्त पिकले की बियाण्याचा फरक वसूल. त्यापेक्षा जास्त येईल का, एवढेच ठरवायचे.

पिशवीवर किंवा पत्रकावर एकरी बारा-चौदा क्विंटलचा आकडा असतो. तो खोटा असेलच असे नाही, पण तो चांगली जमीन, वेळेवर पाऊस आणि पूर्ण खतावर आलेला असतो. आपल्या हिशेबाला आपल्याच शेताची गेल्या पाच वर्षांची सरासरी घ्या, त्यात वाईट वर्षेही धरा. समजा ६, ८, ४, ९ आणि ७ क्विंटल, सरासरी ६.८. नव्या वाणाचा दावा ‘जुन्यापेक्षा १५ टक्के जास्त’ असा टक्क्यांत पाहा आणि त्याचा निम्माच धरा. निम्मा हा काही शास्त्राचा नियम नव्हे, पण चाचणीच्या प्लॉटवरून आपल्या वावरात येताना बरेच काही गळते. ६.८ क्विंटलवर सात टक्के म्हणजे ४८ किलो, २,१४० रुपये. फरक वसूल होऊन एकरी सातशे रुपये उरतात. पण चार क्विंटलच्या वर्षी तेच सात टक्के २८ किलोच होतात आणि १,४२५ निघत नाहीत. दोन पिशव्यांवर भागणार असेल तर ख आणि क च्या खर्चात एकरी पन्नासच रुपयांचे अंतर राहते, आणि मग थोडासा फायदाही पुरतो.

पैशांइतकेच दिवस मोजा. जेएस ९३०५ सारखा वाण ८५-९० दिवसांत निघतो, फुले संगम म्हणजे केडीएस ७२६ ला १००-१०५ दिवस लागतात. मराठवाड्यातल्या हलक्या-मध्यम जमिनीत सप्टेंबरचा पाऊस ओढ देतो, तेव्हा लवकर येणाऱ्या वाणाचे दाणे भरून झालेले असतात आणि उशिरा येणाऱ्याच्या शेंगा पोचट राहतात. तिथे १५ टक्के जास्तीचा दावा उलटा पडतो. उलट सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे जिथे तांबेरा येतो, तिथे फुले संगमसारख्या तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या वाणाने एका वाईट वर्षात अनेक वर्षांच्या बियाण्याचा फरक भरून काढलेला असतो. मागे हरभरा घ्यायचा असेल आणि पाणी नसेल, तर पंधरा दिवस उशिरा रिकामी होणारी जमीन हरभऱ्याला किती महाग पडते, तेही याच हिशेबात येते.

म्हणून भारी, ओल धरणाऱ्या जमिनीच्या दोन एकरांवर ख च्या दोन पिशव्या. हलक्या जमिनीवर क. तुमचे आकडे वेगळे निघाले की निवडही वेगळी होईल.

हीच रीत सगळ्या बियाण्यांना सारखी लावू नका. टोमॅटो किंवा ढोबळी मिरचीच्या संकरित बियाण्यात पुडीचा भाव दाण्यामागे काढा, कारण ट्रेमध्ये एकेक दाणा टाकायचा असतो आणि उगवण बहुधा चांगली असते; तिथे खरा फरक उत्पादनाचा आणि रोग सोसण्याचा. कांद्याचे बी सोयाबीनसारखेच लवकर मरते, वर्षभर जुने बी निम्म्या भावात मिळाले तरी आधी चाचणी.

पेरल्यावरची मोजणी

४५ सेंटिमीटरच्या ओळींनी एकरात सुमारे नऊ हजार मीटर ओळ होते. म्हणजे एका मीटरात क चे २५, ख चे २२ आणि ग चे ३१ दाणे पडायला हवेत. पेरणी यंत्र रस्त्यावर दहा मीटर ओढून प्रत्येक नळीखाली पडलेले दाणे मोजा. यंत्र एकाच खाच्यावर ठेवून मोठा आणि बारीक दाणा पेरला, तर वर केलेली सगळी आकडेमोड तिथेच संपते.

पेरणीनंतर दहा-बारा दिवसांनी शेतात दहा ठिकाणी मीटरभर ओळीतली रोपे मोजा. १५-१६ असतील तर बी ठरल्याप्रमाणे वागले. सगळीकडे आठच्या खाली असतील तर आधी जमीन उकरून पाहा. दाणा कुजलेला आणि दुर्गंधी येत असेल तर बी कमजोर होते किंवा पाणी साचले. दाणा फुगून कोरडा पडला असेल तर पावसाने दगा दिला. कोंब निघून मातीखालीच वळला असेल तर खोल पेरले किंवा पापुद्रा धरला. यांतला पहिलाच प्रकार, तोही निचऱ्याच्या जागी, बियाण्याच्या माथी मारता येतो.

तसे असेल तर शेत मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, म्हणजे तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीला पाहणी करता येते. त्यासाठी पावती, टॅगसह पिशवी आणि त्याच लॉटचे किलोभर न पेरलेले बी लागते. बियाण्याच्या वादात शेतकरी ग्राहक आयोगाकडेही, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचाकडेही, जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. ते किलोभर बी पेरणीच्या दिवशीच, पिशवी पूर्ण रिकामी होण्याआधी, कापडी पिशवीत बांधून लॉट नंबरची चिठ्ठी आत टाकून ठेवायचे.